यात्रेचा दर आणि उरलेले वर्ष

प्रश्न : शहाद्याहून सारंगखेड्याकडे जाताना शेतातल्या घरात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. एरवी आम्ही 1,400 रुपये दर घेतो. मागच्या डिसेंबरात दत्तजयंतीच्या यात्रेला 4,000 केला, पण ऐनवेळी एका खोलीचे बुकिंग रद्द झाले आणि ती पाचही रात्री रिकामी राहिली. जून-जुलैत कोणी येईना म्हणून 600 वर आलो, तर तीच मंडळी दिवाळीत येऊन 600 च मागू लागली. कर्जाचा हप्ता, सफाईच्या मावशींचा पगार, वायफाय, दुरुस्ती धरून महिन्याला 28,000 रुपये पाहुणा येवो न येवो जातातच. यात्रेला किती दर घ्यावा आणि मंदीत किती खाली यावे?
— एक वाचक भगिनी, शहादा तालुका

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपण महिन्याचा ठरलेला खर्च कळवला, ते फार बरे केले, कारण दर ठरवण्याची सुरुवात तिथूनच होते. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे एका खोलीत एका रात्री पाहुणा राहिला तर त्याच्यामुळे होणारा वरचा खर्च. दोन चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांच्या धुलाईचे 100 रुपये, दोघांच्या चहा-नाश्त्याचे 160, गिझर, पंखा, दिवे यांची वीज 60 आणि साबण वगैरे किरकोळ 30 असे धरले, तर तो 350 रुपये होतो. आपल्याकडे प्रत्यक्षात तो 300 असेल किंवा 400 असेल, तो वहीत मांडून नक्की करावा. पुढच्या हिशेबासाठी मी 350 धरतो. यात्रेच्या गर्दीत जास्तीचा माणूस लावावा लागतो आणि पाणीही जास्त लागते, म्हणून त्या दिवसांत 450 धरतो.

दरातून हा वरचा खर्च वजा केल्यावर जे उरते, तेच हप्ता आणि पगार यांच्या कामी येते. आपला वर्षाचा ठरलेला खर्च 3,36,000 रुपये आहे. मुख्य पाच रात्री चारही खोल्या 3,200 रुपयांना भरल्या, तर वीस खोली-रात्रींतून प्रत्येकी 2,750 प्रमाणे 55,000 रुपये हाती राहतात. त्याच यात्रेतले पुढचे दोन शनिवार-रविवार 2,200 रुपये दराने भरले, तर सोळा खोली-रात्रींचे 28,000 मिळतात. एकूण 83,000, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा. यात्रा उत्तम गेली तरी उरलेले 2,53,000 साध्या दिवसांनीच द्यायचे आहेत. साध्या दिवसांचा सरासरी दर 1,300 पडला आणि निम्मे पाहुणे कमिशन घेणाऱ्या ऑनलाइन बुकिंगमधून आले, तर एका खोली-रात्रीमागे साधारण 830 रुपये उरतात. त्या हिशेबाने वर्षाच्या बाकीच्या दिवसांत मिळून 305 खोली-रात्री, म्हणजे आठवड्याला सहा, भरल्या पाहिजेत. आठवड्याला आपल्याकडे चार खोल्यांच्या अठ्ठावीस खोली-रात्री असतात, त्यांतल्या फक्त सहा. हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि दर आठवडा त्याच्याशी ताडून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मागच्या यात्रेकडे येऊ. 4,000 रुपये दराने तीन खोल्या पाच रात्री गेल्या, म्हणजे पंधरा खोली-रात्रींतून प्रत्येकी 3,550 प्रमाणे 53,250 रुपये उरले. 3,200 ला चारही खोल्या गेल्या असत्या, तर 55,000 उरले असते. दर आठशेने चढवला आणि त्यापायी एक खोली रिकामी राहिली, तर चढवलेले सगळे तिथेच फिटते. उलट चारही खोल्या 4,000 ला भरल्या असत्या, तर सोळा हजार जास्त मिळाले असते हेही खरे. म्हणून 4,000 हा दर मुळातच चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. तो दर अ‍ॅडव्हान्स न घेता लावला असेल, तर ती मात्र मोठी जोखीम झाली. मुख्य रात्रींसाठी निम्मी रक्कम बुकिंगच्या वेळीच घ्यावी. यात्रेच्या वीस दिवस आधीपर्यंत बुकिंग रद्द झाल्यास ती पूर्ण परत द्यावी आणि त्यानंतर ती खोली दुसऱ्या कोणाला गेली तरच परत द्यावी. ही अट फोनवर तोंडी सांगून भागत नाही. पैसे घेण्यापूर्वी ती व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावी आणि समोरच्याकडून होकार घ्यावा. दोन रात्रींपेक्षा कमी बुकिंग मुख्य दिवसांत घेऊ नये, नाहीतर एक पाहुणा मधलीच एक रात्र घेतो आणि तिच्या अलीकडची-पलीकडची रात्र विकता येत नाही.

यात्रेचा दर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दत्तजयंतीला दोन महिने असतानाच चारही खोल्या गेल्या, तर दर कमी होता आणि पुढच्या वर्षी तो दोन-तीनशेने वाढवण्यास हरकत नाही. तीन आठवडे उरले असताना निम्म्या खोल्या शिल्लक असतील, तर दर जास्त आहे आणि शिल्लक खोल्यांचा दर तेव्हाच खाली आणावा. शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहू नये, कारण शहादा, दोंडाईचा आणि नंदुरबारची माणसे त्या दिवशी यात्रा पाहून रात्री घरी परततात. मुक्काम करणारा पाहुणा लांबून, कुटुंबासह किंवा कॅमेरा घेऊन घोडेबाजार पाहायला येणारा असतो आणि तो आधीच ठरवून येतो. घोड्यांचे व्यापारी बहुतेक आपल्या जनावरांपाशीच मैदानात मुक्काम करतात, त्यामुळे त्यांच्या संख्येवरून खोल्यांच्या मागणीचा अंदाज बांधला तर तो फसतो. त्याच कारणाने यात्रेचा सगळा काळ चढ्या दरात धरू नये. दत्तजयंती आणि तिच्या लगतचे दिवस एका दराने, पुढचे शनिवार-रविवार त्याहून कमी दराने, आणि मधले सोमवार ते गुरुवार जवळजवळ नेहमीच्याच दराने द्यावेत.

तारखांच्या बाबतीत मात्र यंदा विशेष काळजी घ्यावी लागेल. पुष्कळ जण मागच्या वर्षीचे दरपत्रक काढतात, त्यावरचे साल बदलतात आणि तेच पुढे चालवतात. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला असते. ती 2024 मध्ये 14 डिसेंबरला होती आणि 2025 मध्ये 4 डिसेंबरला आली. यंदा ज्येष्ठ हा अधिक मास असल्यामुळे ती पुढे जाऊन 23 डिसेंबर 2026, बुधवारी येते. ऑनलाइन बुकिंगच्या कॅलेंडरमध्ये गेल्या वर्षीचेच चढे दर 3 ते 7 डिसेंबरला राहिले, तर त्या आठवड्यात खोल्या ओस पडतील आणि 23 तारखेच्या खोल्या कोणीतरी 1,400 रुपयांत घेऊन मोकळा होईल. असे बुकिंग एकदा झाले की ते रद्द करणे आपल्याला शोभत नाही आणि बुकिंग कंपन्या त्याबद्दल दंडही लावतात. त्यामुळे हे पत्र वाचल्यावर पहिले काम हेच करावे.

गेल्या वर्षी यात्रा आणि नाताळची सुटी यांच्यात तीन आठवड्यांचे अंतर होते, म्हणजे कमाईच्या दोन वेगळ्या संधी होत्या. यंदा 25 डिसेंबर शुक्रवारी आहे, त्यामुळे बुधवारच्या दत्तजयंतीपासून रविवार 27 पर्यंत सलग गर्दीचे दिवस मिळतात. 22 ते 26 डिसेंबर या पाच रात्रींना 3,200 पेक्षा वरचा, म्हणजे 3,600 पर्यंतचा दर यंदा मिळू शकेल, असा माझा अंदाज आहे. तो दर सुरुवातीला दोनच खोल्यांना लावावा आणि त्या सप्टेंबरअखेर गेल्या तर उरलेल्या दोन खोल्यांनाही लावावा. मात्र या जोडून येण्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा यंदा रिकामा राहण्याची शक्यता आहे. तो नेहमीच्या 1,400 लाच ठेवून भरण्याचा प्रयत्न करावा.

हाच अधिक मास उन्हाळ्यातही परिणाम करणार आहे. आपल्या भागात एप्रिल-मे मध्ये पर्यटक फिरकत नाहीत, पण लग्नसराईचे वऱ्हाडी असतात आणि मंदीच्या काळातला तोच आपला भरवशाचा गिऱ्हाईक वर्ग आहे. 17 मे ते 15 जून 2026 या अधिक मासात लग्ने होत नाहीत. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात एरवी मिळणाऱ्या वऱ्हाडाच्या खोल्या यंदा मिळणार नाहीत आणि 17 मे पूर्वीच्या तिथींवर मागणी दाटेल. आसपासच्या दोन-तीन मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांना आत्ताच भेटून त्यांच्या तारखा विचाराव्यात आणि चारही खोल्या एकत्र घेतल्यास दोन रात्रींचे 10,000 रुपये असा एकरकमी दर सांगावा. तो प्रत्येक खोलीला एका रात्रीचा 1,250 पडतो आणि कमिशन जात नसल्यामुळे ऑनलाइन मिळणाऱ्या 1,400 पेक्षा हाती जास्तच राहतो. समजा कमिशन 18 टक्के आहे, तर 1,400 मधून 252 जातात आणि आपल्याला 1,148 मिळतात. अधिक मासाचे चार आठवडे मात्र मागणीच्या मागे न धावता रंगकाम, गळती आणि गाद्या उन्हात घालण्यासाठी राखून ठेवावेत. वर्षभरात कधीतरी खोल्या बंद ठेवाव्याच लागतात, त्या तेव्हा ठेवल्या तर नुकसान सर्वांत कमी होते.

उन्हाळ्याच्या खर्चाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खानदेशातल्या उन्हात दर आणि वीजबिल यांचा फार जवळचा संबंध आहे. दीड टनाचा एसी दहा तास चालला, तर साधारण दहा ते बारा युनिट जातात. युनिटला दहा रुपये धरले तरी एका रात्रीचा वरचा खर्च 350 वरून 470 होतो. जो पाहुणा दुपारीच येऊन खोलीत बसतो, त्याच्यासाठी तो आणखी वाढतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोल्या संध्याकाळी सातनंतरही तापलेल्याच असतात आणि तिथला एसी थांबण्याचे नावच घेत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये वरच्या खोल्या शक्यतो बंद ठेवून खालच्याच आधी द्याव्यात आणि कूलरची खोली 1,100 व एसीची खोली 1,500 असे दोन स्वतंत्र दर लावावेत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि पुष्कळ पाहुणे आनंदाने तीच खोली घेतात. पहिला पाऊस पडून हवेत दमटपणा आला की कूलर नुसता ओलावा वाढवतो, म्हणून जूनच्या मध्यापासून हा दर बंद करावा, अन्यथा अभिप्रायात त्याची तक्रार हमखास येते.

आता 600 रुपयांच्या प्रश्नाकडे येतो. हिशेबापुरते बोलायचे तर 600 मध्येही 250 उरतात आणि रिकाम्या खोलीपेक्षा ते बरे, असा विचार आपण केला असणार. अडचण अशी होते, की एकदा मोठ्या अक्षरात 600 छापले की पाहुण्याच्या मनात आपल्या खोलीची तीच किंमत बसते. म्हणून जाहीर दर बाराही महिने 1,400 च्या खाली आणू नये. उन्हाळ्यातली कूलरची खोली हा सोयींतला फरक आहे, त्यामुळे तिचा वेगळा दर चालतो. बाकी मंदीत जे कमी करायचे, ते अटीसह द्यावे आणि बिलावर तसे लिहावे : मूळ दर 1,400, पावसाळी सवलत 300, देय 1,100. सवलतीची अट अशी ठेवावी की तिच्यात आपलाही काही खर्च वाचेल. उदाहरणार्थ, सलग तीन रात्री राहिल्यास तिसरी रात्र निम्म्या दरात, पण चादरी तिसऱ्या दिवशीच बदलल्या जातील. किंवा सोमवार ते गुरुवार 1,100, पण शनिवार-रविवार पूर्ण दर. दिवाळीत तो पाहुणा आला, की त्याला दर वाढवला असे सांगावे लागत नाही, सवलतीचे दिवस संपले एवढेच सांगावे लागते. एका रात्रीची सरासरी कोणत्याही परिस्थितीत 950 च्या खाली मात्र जाऊ देऊ नये. त्याखाली उरणारे थोडेसे पैसे गादी, पडदे, नळ यांची झीज आणि घरच्यांची धावपळ यांतच संपतात.

पैसे कमी करण्याऐवजी जेवण जोडून देणे हा मला जास्त आवडणारा मार्ग आहे. दोघांना शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा असे रात्रीचे जेवण दिले, तर आपल्याला शिधा आणि गॅस मिळून दीडशेच्या आसपास खर्च येतो, पण पाहुण्याला त्याची किंमत तीनशे वाटते. दर 1,400 च राहतो, आणि तोरणमाळच्या घाटातून पावसाळ्यात संध्याकाळी भिजून उतरलेल्या मंडळींना रात्री पुन्हा गाडी काढून जेवायला जावे लागत नाही. पावसाळ्यातले शनिवार तोरणमाळमुळे बऱ्यापैकी भरतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर हा काळ सरसकट मंदीचा समजू नये. शनिवारच्या रात्रीला 1,700 घ्यावेत आणि सवलत फक्त मधल्या दिवसांना द्यावी.

मधल्या दिवसांसाठी वेगळ्या प्रकारचा पाहुणा लागतो. बँकांचे तपासनीस, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सोलर पंप किंवा ठिबक बसवायला येणारे तंत्रज्ञ, साखर कारखान्यात गळीत हंगामापूर्वी यंत्रे दुरुस्त करायला येणारी पथके, ही माणसे सण पाहून येत नाहीत, काम निघेल तेव्हा येतात. त्यांना लागते ती स्वच्छ खोली, पक्के बिल आणि सकाळी सातला नाश्ता. पाच रात्रींचे 5,000 रुपये असा आठवड्याचा दर ठेवला, तर रात्रीचे 1,000 पडतात आणि रोजची सफाई व चादरी वाचल्यामुळे वरचा खर्च 270 च्या आसपास येतो. अशा एकाच पाहुण्याने आपल्या आठवड्याच्या सहा खोली-रात्रींपैकी पाच भरतात. मंदीच्या अठ्ठावीस आठवड्यांत आठवड्याला फक्त एक खोली-रात्र जास्त विकली आणि तीही थेट 950 ला, तरी सोळा हजार आठशे रुपये जास्त उरतात. यात्रेचा दर आठशेने चढवून जास्तीत जास्त सोळा हजारच मिळणार होते, आणि तेही एकही खोली रिकामी न राहिली तर.

सगळ्याच सणांना दर चढवावा, असेही नाही. श्रावणात कानबाईला सुरत, पुणे, मुंबईकडे गेलेली आपली माणसे गावी येतात, रोटांसाठी सगळी भाऊबंदकी एका घरात जमते आणि झोपायला ओटासुद्धा पुरत नाही. अशा वेळी गावातलेच एखादे कुटुंब दोन खोल्या मागायला येते. त्यांच्याकडून नेहमीचाच दर घ्यावा, नाश्ता नको असेल तर तेवढे 160 वजाही करावेत. हेच लोक लग्नाच्या तारखा सर्वांत आधी आपल्याला कळवतात आणि बाहेरच्या पाहुण्यांना आपल्या घराचा पत्ता सांगतात. यात्रेला येणारा पाहुणा मात्र हौसेने खर्च करायला आलेला असतो, त्याच्याकडून आधी सांगून, आधी ठरवून जास्त घेण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

करांविषयी थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला आहे. आपली वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर थेट येणाऱ्या पाहुण्यावर तो लावण्याचा प्रश्न येत नाही. ऑनलाइन बुकिंगमध्ये तो बुकिंग कंपनी पाहुण्याकडून घेऊन भरते, त्यामुळे तिथे आपली खोली पाहुण्याला 1,470 ला दिसते. जुना पाहुणा फोन करून आला आणि त्याला थेट 1,300 सांगितले, तर त्याचे 170 वाचतात आणि आपल्याला कमिशन वजा जाता मिळणाऱ्या 1,148 पेक्षा 152 जास्त मिळतात.

एक वही आजपासून सुरू करावी. तीत आलेल्या बुकिंगबरोबरच नाकारलेले फोनही लिहावेत : कोणत्या तारखेसाठी, किती खोल्या, दर ऐकून गेले की खोली नव्हती म्हणून गेले. खोली नसल्यामुळे परत गेलेल्यांची संख्या ज्या तारखांना जास्त असेल, त्याच तारखांचा दर पुढच्या वर्षी वाढवावा. दर ऐकून गेलेले जास्त असतील, तिथे आधी अट बदलून पाहावी आणि दराला शेवटी हात लावावा. 2027 चे पंचांग हाती येईल तेव्हा ही वही शेजारी ठेवूनच नवे दरपत्रक करावे आणि ते नोव्हेंबरपूर्वी ऑनलाइन कॅलेंडरमध्ये भरून टाकावे.